मैं कुछ पूछी थी क्या, खाला?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. फजरची नमाज झाली, चहाचं आधण ठेवलं आणि मोबाईल हातात घेतला, तर आमच्या खानदानच्या ग्रुपवर एक फोटो आलेला. नांदेडहून, माझ्या भाचीनं टाकलेला. पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं एक दिवसाचं बाळ, डोळे मिटलेले, एक मूठ दुपट्ट्याबाहेर आलेली. फोटोखाली तिनं फक्त ‘अल्हम्दुलिल्लाह’ लिहिलं होतं.

भाची म्हणजे माझ्या आपाची मुलगी. तिचं सासर इकडे लातुरात, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, नांदेडला गेली होती. मला शाळेत सहामाहीच्या पेपरांचं काम होतं. लातूर-नांदेड एस.टी.चे तीन-साडेतीन तास जायचे आणि तेवढेच यायचे, त्यामुळे लगेच निघणं शक्य नव्हतं. म्हणून मीही इतरांसारखंच केलं. फोनवरच उत्तर दिलं.

आता ती उत्तरं सांगते. ग्रुपमध्ये साठ-पासष्ट माणसं आहेत. पहिल्या तासाभरातच बरीच उत्तरं आली. एका मुमानीनं विचारलं, मुलगा की मुलगी? एका चुलत भावानं विचारलं, नॉर्मल की सिझर? कुणी वजन विचारलं. कुणी लिहिलं, ‘किस पे गया?’ कुणी म्हणालं, नाव ठरलं का, आणि नाव ठरायच्या आतच दोघांनी आपापली पाच-पाच नावं पाठवली. अकीका नांदेडला की लातूरला? टोपडं का घातलं नाही, थंडी किती आहे. बाळ जरा पिवळं दिसतंय, कोवळ्या उन्हात धरा. मुलगी झाली हे कळल्यावर एका दूरच्या फुफीनं लिहिलं, ‘काही हरकत नाही, पुढच्या वेळी अल्लाह मुलगा देईल, इन्शाअल्लाह.’

मीही काही मागे नव्हते. मी लिहिलं, ‘माशाअल्लाह. दूध पुरतंय का? नसेल तर आपाला सांग, मी इथून अळीव पाठवते.’ पाठवून मला समाधान वाटलं, की मी किती काळजी घेतेय.

आठवड्यानं रविवार मिळाला. डिंकाचे लाडू घेऊन नांदेडला गेले. आपा स्वयंपाकघरात अछवानी करत होती. बाळ भाचीच्या मांडीवर झोपलेलं होतं. बोलता बोलता ग्रुपचा विषय निघाला. ती हसली, पण हसताना तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘मैं कुछ पूछी थी क्या, खाला?’

आम्ही घरात दखनी बोलतो. तिनं पुढं जे सांगितलं ते मराठीत सांगते. तिचं सिझर झालं होतं. फोटो टाकला तेव्हा तिला उठून बसताही येत नव्हतं. बाळ शेजारी होतं, ते इतकं सुंदर दिसलं की सगळ्यांना दाखवावंसं वाटलं, एवढंच. नंतर फोन वाजत राहिला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, नाही तर सासरचे म्हणतील नीट बोलत नाही. दूध तिला खरंच दोन दिवस कमी येत होतं. माझा संदेश वाचून तिला वाटलं, खालाला फोटोवरून कळलं की काय, की बाळ उपाशी आहे. त्या रात्री ती रडली होती.

मी वीस वर्षं मुलांना निबंध शिकवते, पत्रलेखन शिकवते. प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, हे वाक्य वर्षातून शंभर वेळा म्हणत असेन. इथं तर प्रश्नच नव्हता, आणि मी उत्तर लिहून मोकळी झाले होते.

मग मी तिला विचारलं, कुणाचं उत्तर चांगलं वाटलं? तिनं फोन काढून दाखवलं. लातूरला तिच्या सासरच्या शेजारी एक वयस्कर चाचा राहतात, एस.टी.तून निवृत्त झालेले. ग्रुपमध्ये नाहीत. तिच्या सासऱ्यांनी त्यांना फोटो दाखवला म्हणून त्यांनी तिला वेगळं लिहिलं होतं. ‘बेटी मुबारक हो. अल्लाह उम्रदराज करे, नसीब नेक करे. तेरी भी तबियत अच्छी रखे. जवाब मत लिखना, आराम कर.’

ती म्हणाली, मी हे चार-पाच वेळा वाचलं.

परतीच्या एस.टी.त मी तो संदेश मनात उलगडत बसले. शिक्षकाची खोड, दुसरं काय. त्यात पाच गोष्टी होत्या. ‘बेटी’ हा शब्द आनंदानं घेतलेला होता. बाळासाठी आयुष्य आणि नशीब यांची दुआ होती. आईची आठवण होती, आणि साठ जणांच्या ग्रुपमध्ये आईच्या तब्येतीसाठी दुआ करणारे मला नंतर मोजून तीनच सापडले. चौथी गोष्ट म्हणजे उत्तर देण्याच्या ओझ्यातून तिला मोकळं केलं होतं. आणि पाचवी गोष्ट अशी की त्यात एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

चाचांनी हे कुठं शिकलं असेल? बहुधा कुठंच नाही. पण जे ते करत होते त्याला जुना आधार आहे, आणि तो मला नंतर सापडला. इब्ने कय्यिम (रह.) यांनी नवजात बालकासंबंधीच्या आपल्या किताबात हजरत हसन बसरी (रह.) यांचा एक प्रसंग दिला आहे. हसन बसरी हे ताबईंपैकी, बसऱ्याचे मोठे आलिम, हिजरी 110 मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्याजवळ एक माणूस बसला होता, त्याला नुकताच मुलगा झाला होता. दुसरा एक जण आला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे म्हणाला, घोडेस्वार मुबारक! हसन बसरींनी त्याला टोकलं. तो घोडेस्वार होईल की गाढव निघेल, हे तुला काय ठाऊक? मग त्या माणसानं विचारलं, तर आम्ही म्हणावं तरी काय? त्यावर त्यांनी जी दुआ शिकवली ती आजही किताबांत मिळते.

त्या दुआचे चार भाग आहेत. जे तुम्हाला दिलं गेलंय त्यात बरकत होवो. ज्यानं दिलं त्याचे आभार मानण्याची तौफीक तुम्हाला मिळो. हे मूल मोठं होऊन आपल्या ताकदीला पोहोचो. आणि त्याचा भलेपणा तुमच्या वाट्याला येवो. बस. इमाम नववी (रह.) यांनीही आपल्या ‘अल-अज्कार’मध्ये मुबारकबादीच्या प्रकरणात हीच दुआ घेतली आहे, आणि ज्याला मुबारकबाद मिळाली त्यानं उलट बरकतीची दुआ द्यावी, असंही सांगितलं आहे. हे शब्द रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्या हदीसमधले नाहीत, नंतरच्या बुजुर्गांचे आहेत, त्यामुळे तेच शब्द हवेत अशी सक्ती नाही. आपल्या भाषेत, आपल्या शब्दांत म्हटलं तरी चालतं. पण बांधणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चारही भाग देण्याचे आहेत, मागण्याचा एकही नाही. भविष्य सांगणंही त्यात नाही. ‘डॉक्टर होईल बघा’, ‘खानदानचं नाव काढणार’ ही वाक्यं आपण प्रेमानंच लिहितो, पण ती त्या घोडेस्वाराच्याच जातीची आहेत. एक दिवसाच्या जिवावर आपण आपली यादी ठेवून देतो.

‘मुबारक’ या शब्दाकडेही बघा. त्याचं मूळ बरकतमध्ये आहे. म्हणजे ‘मुबारक हो’ म्हटलं की दुआ पुरी झाली. मराठीतला ‘अभिनंदन’ हा शब्द आनंदाशी जोडलेला आहे. माझ्या शाळेतल्या मराठीच्या मॅडमना नात झाली तेव्हा त्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘बाळ-बाळंतीण सुखरूप.’ किती पुरं वाक्य आहे! आई आणि मूल दोघांची खबर चार शब्दांच्या आत. एवढं लिहून आल्यावर तब्येतीचा प्रश्न उरतच नाही. मी लिहिलं, ‘नातीच्या येण्याबद्दल मनापासून अभिनंदन. बाळाला उदंड आयुष्य लाभो आणि तुमच्या लेकीला लवकर ताकद येवो.’ भाषा बदलली तरी बांधणी तीच.

इथं एक जुनी आठवण सांगायचा मोह आवरत नाही. आमच्या अम्मीच्या पत्र्याच्या पेटीत एक तार आहे. माझा जन्म झाला तेव्हा मामूंनी केलेली. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. त्या काळी तार खात्याकडे शुभेच्छांची ठरलेली वाक्यं असत, इंग्रजीत. ईद मुबारक होतं, दिवाळीचं होतं, लग्नाचं होतं, घरात नव्या पाहुण्याच्या आगमनाबद्दल अभिनंदनाचंही होतं. प्रत्येक वाक्याला नंबर. खिडकीवर नुसता नंबर द्यायचा, पलीकडे पूर्ण वाक्य छापून निघायचं, आणि तसं करणं स्वस्त पडायचं. जास्तीचा शब्द लिहायचा तर पैसे लागत. त्यामुळे मामूंना ‘वजन किती’ असं विचारता येत नव्हतं. अम्मीला तारेत फक्त अभिनंदन मिळालं आणि खाली भावाचं नाव. बाकी चौकशा पंधरा दिवसांनी पोस्टकार्डातून आल्या, तोवर ती उठून बसली होती. 2013च्या जुलैमध्ये आपल्या देशातली तार सेवा बंद झाली तेव्हा अम्मीनं ती तार मुद्दाम काढून सगळ्यांना दाखवली होती. आता शब्दाला पैसे लागत नाहीत, आणि त्याची किंमत बाळंतिणीनं भरायची असं झालंय.

आता त्या फुफींच्या वाक्याकडे येते, ‘पुढच्या वेळी मुलगा होईल.’ मी हे हलकं करून सांगणार नाही. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, त्यांना भाचीचं दुःख कमी करायचं होतं. पण भाचीला दुःख झालंच नव्हतं. ते या वाक्यानं आणून दिलं. आपल्या मराठवाड्यात मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी, हा रिवाज मुसलमान घरांतही आहे. मिठाई गोडच, त्याबद्दल भांडण नाही. पण फोटोखाली ‘पेढे की बर्फी?’ असं विचारतात तेव्हा त्या दोन मिठायांत पायरी आहे हे लहान पोरालाही कळतं. मुलीच्या बातमीनं चेहरा काळवंडणाऱ्या माणसाचं चित्र कुरआननं सूरह नहलमध्ये निषेधानं उभं केलंय. आणि सूरह शूरामध्ये अल्लाह ज्याला हवं त्याला काय देतो हे सांगताना आधी मुलींचा उल्लेख आहे, मग मुलांचा. इब्ने कय्यिम यांनी तर त्याच किताबात स्पष्ट लिहिलंय, की मुबारकबाद द्यायची तर मुलगा आणि मुलगी दोघांची द्यावी, नाही तर दोघांचीही देऊ नये, म्हणजे जाहिलियतच्या रिवाजातून माणूस सुटेल. मुलगी झाली तर उत्तरात ‘बेटी’ हा शब्द ठसठशीत यावा. ‘बाळ मुबारक’ असं मोघम लिहून पळवाट काढली की आईला ती पळवाट दिसते.

नजरेचाही विषय आहे. आपल्याकडे फोटो बघितला की ‘कित्ती गोरं’, ‘काय डोळे आहेत’ असं लिहून मोकळे होतात, मग घरातली दादी मिरच्या उतरवायला लागते. हदीसमध्ये हजरत सहल बिन हुनैफ (रजि.) यांचा प्रसंग आहे. एका सहाबींनी त्यांच्या कांतीची तारीफ केली आणि ते आजारी पडले, तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी त्या सहाबींना विचारलं, की तू बरकतीची दुआ का केली नाहीस? म्हणजे तारीफ करायची तर तिच्यासोबत ‘बारकल्लाह’ म्हणायचं, हे शिकवलं गेलंय. आणि तारीफ रंगाची कशाला? पहिल्या दोन-चार दिवसांत बाळाचा रंग ठरलेला नसतो. डोकं जन्माच्या वाटेत दबून लांबट झालेलं असतं, ते काही दिवसांत गोल होतं. नाकावर बारीक पांढरे ठिपके असतात, कमरेवर निळसर डाग असू शकतो, डोळे सुजलेले असतात. ‘नाक बसकं आहे, तेल लावून चोळा’ असं लिहिणाऱ्यांना आपण कशावर शेरा मारतोय तेच ठाऊक नसतं. त्यापेक्षा फोटोत जे दिसतं तेच घ्यावं. भाचीच्या फोटोत मूठ दुपट्ट्याबाहेर आली होती. एवढ्या फोटोत एवढीच गोष्ट खास होती, आणि साठ जणांपैकी एकानंही तिचं नाव घेतलं नाही. मीसुद्धा नाही. ‘मूठ बाहेर काढून झोपलीये, माशाअल्लाह’ असं कुणी लिहिलं असतं तर आईला कळलं असतं, की फोटो खरोखर बघितला गेलाय.

तुम्ही म्हणाल, मॅडम, आणि खरंच काळजीचं काही दिसलं तर? गप्प बसायचं? नाही. ‘पिवळं दिसतंय’ हाच नमुना घेऊ. पुष्कळ बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती ओसरते. दवाखान्यात डॉक्टर ती तपासतातच. पण जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवायला हवं. कोवळ्या उन्हावर भागवायचं नाही. आता यातलं फोटोत काय दिसतं? बल्बचा उजेड पिवळा असतो, भिंतीचा रंग अंगावर पडतो, काही मोबाईल तर चेहरा आपणहून बदलून दाखवतात. फोटोवरून कावीळ सांगता येत नाही, नाकारताही येत नाही. म्हणून मनात शंका आली तर फोटोखाली फक्त मुबारकबाद लिहावी, आणि घरातल्या मोठ्या माणसाला, नानीला किंवा बाळाच्या वडिलांना, वेगळा फोन करावा. तोही एका वाक्याचा, ‘डॉक्टरांनी कावीळ बघितली का?’ भाचीच्या बाबतीत आपाला असा फोन कुणीच केला नाही. ग्रुपवर मात्र चौघांनी लिहिलं. डॉक्टरांनी आधीच तपासून सांगितलं होतं, की काळजीचं कारण नाही.

दूध कमी येण्याचंही असंच. सिझरनंतर काही बायकांना दूध भरून यायला एखाद-दोन दिवस जास्त लागतात. बाळाला वरचेवर छातीशी लावणं हा तिथला मुख्य उपाय आहे, आणि ते नर्स समोर बसून शिकवते. लातूरहून पाठवलेला अळीव पोहोचेपर्यंत तो प्रश्न सुटलेला असतो किंवा डॉक्टरांकडे गेलेला असतो. तिनं स्वतः विचारलं असतं, ‘खाला, दूध कम आरा, क्या करूं?’ तर मी बोलायला हवं होतं, सविस्तर बोलायला हवं होतं. विचारलेल्या प्रश्नाला टाळणं हाही कोरडेपणाच. फरक एवढाच, की विचारायचं तिनं.

एक अवघड प्रसंग मात्र वेगळा सांगायला हवा. आमच्या एका सहशिक्षकांचं बाळ दिवस भरायच्या आधी झालं. बाळ काचेच्या पेटीत होतं, नाकात नळी होती. वडिलांनी तोच फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर दीड दिवस शांतता होती. लोकांना वाटलं, मुबारक म्हणावं की न म्हणावं, उद्या काही झालं तर? मग एकानं ‘टेक केअर’ लिहिलं, दुसऱ्यानं हात जोडलेलं चित्र टाकलं. ते सर नंतर मला म्हणाले, ‘मॅडम, मला मुलगा झाला होता, पण मुबारक कुणीच म्हणालं नाही.’ मी तेव्हा गप्प राहिलेल्यांतच होते. आज तो फोटो आला तर मी लिहीन, ‘सर, बेटा मुबारक. अल्लाह त्याला आणि आईला सेहत देवो. दुआ चालू आहे. उत्तराची गरज नाही.’ ‘सगळं ठीक होईल’ असं लिहिणार नाही, कारण ते मला ठाऊक नाही. आणि रोज वजन विचारणार नाही. तशा बाळाचं वजन सुरुवातीला घटतं, मग हळूहळू वाढतं, आणि रोज कुणाला तरी आकडा सांगणं म्हणजे बापासाठी रोजची परीक्षा. घरात एकाला सांगून ठेवावं, की काही लागलं तर मला कळवा, डबा, गाडी, रक्त, काहीही. ते त्यांच्या फोनवर न लिहिता भावाला सांगावं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी माझ्या भाचीला सगळ्यांत जास्त लागली. दुपारपर्यंत तिच्या मुलीचा फोटो तीन नातेवाइकांच्या स्टेटसला लागला होता. एकीनं त्यावर फुलं आणि गाणं चढवलं होतं. तिच्या नवऱ्याच्या दुकानातल्या माणसानं तो बघितला आणि विचारलं, तेव्हा लातूरच्या दादीला अजून पोहोचायचाही होता. फोटो ग्रुपवर दिला म्हणजे ग्रुपला दिला, गावाला नाही. पुढं पाठवायचा असेल तर आधी विचारावं, आणि तेही त्या दिवशी नाही.

उशीर झाला तर काय, असं मला एका पालक बाईंनी विचारलं. उशीर झाला तरी लिहावं. पाचव्या दिवशी आलेली मुबारकबाद उलट जास्त वाचली जाते, कारण तोवर गर्दी ओसरलेली असते. फक्त उशिराची कारणं लिहू नयेत. नेटवर्क नव्हतं, पाहुणे होते, पेपर तपासत होते, या चार ओळी वाचून आईलाच ‘काही हरकत नाही खाला’ असं लिहावं लागतं.

आमच्या शाळेत पत्रलेखनाचा धडा असतो, अभिनंदनाचं पत्र. मुली पत्ता लिहितात, तारीख लिहितात, ‘सप्रेम नमस्कार’ किंवा ‘अस्सलामु अलैकुम’ लिहितात आणि शेवटी सवयीनं ‘पत्राचं उत्तर लवकर पाठव’ असं लिहून मोकळ्या होतात. यंदा मी आठवीच्या वर्गाला सांगितलं, तुमच्या मोठ्या बहिणीला बाळ झालंय, तिनं फोटो पाठवलाय, तीन ओळींत लिहा, आणि प्रश्नचिन्ह वापरायचं नाही. पहिल्या फेरीत अठ्ठावीसपैकी एकवीस मुलींच्या वहीत प्रश्नचिन्ह होतं. एकीनं प्रश्नचिन्ह टाळून लिहिलं होतं, ‘नाव काय ठेवणार ते सांग.’ वर्ग खूप हसला. दुसऱ्या फेरीत मागच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, ‘आपा, तुझी बेटी बघितली. झोपेत हसतेय असं वाटतं. अल्लाह तिला आणि तुला सलामत ठेवो, मी सुट्टीत येऊन तिला घेईन.’ मी तिची वही स्टाफ रूममध्ये नेऊन मराठीच्या मॅडमना वाचून दाखवली.

मागच्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोटो आला, देगलूरहून. तिला मुलगा झालाय. फोटोत बाळ नानीच्या हातांत आहे, नानीच्या हातावर मेहंदीचा जुना रंग आहे. खाली काही लिहिलेलं नाही. मी लिहायला बसले आणि सवयीनं बोटं ‘वजन’पर्यंत गेली. ते पुसलं. मग लिहिलं, ‘बेटा मुबारक हो. नानीच्या हातांत किती निवांत झोपलाय, बारकल्लाह. अल्लाह त्याला मोठं आयुष्य देवो आणि तुला ताकद देवो. जवाब मत लिख, सो जा.’

तिचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. ‘जजाकल्लाह मॅडम. सो गई थी.’